दाढीला कलर करायचाय पण 'केलाय' असं दिसायला नको, शेड कुठली घेऊ?

सांजवारा

नमस्कार मंडळी. वय ४६. डोक्यावरचे केस अजून बऱ्यापैकी शाबूत आणि काळे आहेत, म्हणजे कुळकुळीत नाहीत, उन्हात बघितले तर गडद तपकिरी वाटतात. फक्त कानशिलांवर पांढरे आलेत, चारात एक असं धरा. पण दाढीचं प्रकरण वेगळंय. हनुवटीवर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांखाली दोन सरळ पांढरे पट्टे आहेत, तिथे काळा केस शोधावा लागतो. गालांवर तुरळक पांढरे. मिशी काळीच आहे पण उन्हात तिच्यात लालसर झाक दिसते. दाढी साधारण एक सेंटीमीटर ठेवतो.

मला तरुण दिसायची घाई नाहीये, पण ते दोन पट्टे फार उठून दिसतात आणि समोरचा बोलताना तिकडेच बघतो असं वाटत राहतं. अजून कधीच काही लावलेलं नाही. भीती एकच, की ओळखीतले दोघं-तिघं दाढी रंगवतात ते दुरूनच कळतं, सगळी दाढी एकसारखी काळी आणि कडा आखून काढल्यासारखी. तसं नकोय. डोक्याला मी काही लावणार नाही. तर शेड कुठली घ्यावी, काळी की ब्राउन, आणि ब्राउन म्हणजे नेमकी कितपत? जाणकारांनी सांगा प्लीज.

रानवाट

सोप्पंय. डोक्यावरच्या केसांची जी शेड तीच दाढीला. तुमचे काळे आहेत तर नॅचरल ब्लॅक घ्या, नाव नॅचरल आहे म्हणजे नॅचरलच दिसणार. फक्त पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय त्याच्या निम्म्या वेळात धुवून टाका म्हणजे फार गडद होत नाही. मी कित्येक वर्षं असंच करतोय.

मोरपंखी_७

पांढरे होतातच का ते आधी बघायला हवं ना. बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, माझ्या भावाचे तिशीच्या आतच पांढरे झाले होते तेव्हा डॉक्टरांनी आधी हेच सांगितलं. वरून रंग लावून काय होणार, मुळातून उपाय करा.

सांजवारा

@मोरपंखी_७ धन्यवाद, पण माझं वय ४६ आहे, आमच्या घरात सगळ्यांचेच या वयात होतात. प्रश्न शेडचा आहे.

कंगवा_कात्री

मी गेली बरीच वर्षं कलरचंच काम करतोय आणि त्यातही पुरुषांचं जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा आला तरी वाचा कारण इथेच बहुतेकांची गाडी घसरते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही जी शेड निवडताय ती *दाढीची* शेड नाहीये, ती फक्त पांढऱ्या केसांची शेड आहे. तुमचे काळे केस सौम्य कलरने जवळजवळ बदलत नाहीत, ते आधीच त्या शेडपेक्षा गडद आहेत, आणि सौम्य कलर गडद केसाला उजळ करू शकत नाही. रंग चढणार तो फक्त पांढऱ्यांवर. म्हणजे विचार असा करायचा, की माझ्या काळ्या केसांच्या मध्ये मधे जो पांढरा आहे तो कुठल्या रंगाचा झाला तर कुणाचं लक्ष जाणार नाही?

आता @रानवाट म्हणतात तसं नॅचरल ब्लॅक लावलं तर काय होतं? पांढरा केस पूर्ण काळा होतो, आणि तोही तुमच्या मूळ काळ्यापेक्षा जास्त काळा, कारण तुमचा मूळ केस मुळात गडद तपकिरी आहे, काळा नाहीच. सगळी दाढी एका रंगाची झाली की संपलं. खऱ्या दाढीत एकच रंग कधीच नसतो, मिशी वेगळी, हनुवटी वेगळी, कल्ल्यांपाशी वेगळी. ते सगळे फरक पुसले गेले की दाढी बूट पॉलिश फिरवल्यासारखी दिसते. लोकांना कळतं ते काळेपणामुळे नाही, सपाटपणामुळे.

उलट पांढरा केस जर तपकिरी झाला तर तो काळ्यांच्या गर्दीत 'थोडा उजळ केस' एवढाच दिसतो, आणि तसे उजळ केस प्रत्येकाच्या दाढीत असतातच. म्हणून नियम असा की डोक्याच्या केसांपेक्षा एक ते दोन पायऱ्या उजळ शेड.

पायऱ्या म्हणजे पाकिटावरचा आकडा. १ म्हणजे काळा, आणि आकडा वाढत जातो तसा रंग उजळ. साधारण ३ डार्क ब्राउन, ४ मिडियम ब्राउन, ५ लाइट ब्राउन. तुमचं वर्णन वाचून डोकं २ ते ३ च्या मधे वाटतंय. मग दाढीला ४ पासून विचार सुरू करायचा. 'ब्राउन' हे नाव वाचून घाबरू नका, ४ नंबर केसांवर चढल्यावर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप गडद दिसतो, दाट दाढीत तर अजूनच.

अजून एक खूण सांगतो, ती मला स्वतःला आकड्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. भुवया बघा. दाढी भुवयांपेक्षा गडद झाली की चेहरा विचित्र दिसायला लागतो, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. भुवयांपेक्षा किंचित उजळ राहिली तर डोळ्यांना बरोबर वाटते.

आणि निम्म्या वेळात धुण्याबद्दल. डोक्याचा पर्मनंट कलर केसात शिरून तिथे हळूहळू तयार होतो. तो अर्धवट असताना धुतला तर उजळ शेड मिळत नाही, कच्चा रंग मिळतो, लालसर, काही ठिकाणी चढलेला काही ठिकाणी नाही, आणि तो लवकर उतरतो. उजळ हवं असेल तर उजळ शेड घ्या, वेळ कापू नका. दाढीसाठीचे जे पाच मिनिटांचे कलर मिळतात त्यांची गोष्ट वेगळी, ते तेवढ्या वेळासाठीच बनवलेले असतात.

रानवाट

मला तर आजवर कुणी काही बोललं नाही. पण तो लालसरपणा माझ्या बाबतीत खरा आहे, दहा-बारा दिवसांनी दाढी तांबूस दिसते. मला वाटायचं पाण्यामुळे होतं.

कंगवा_कात्री

@रानवाट तुमच्याकडे दोन्ही कारणं असतील. एक तर कच्चा रंग, आणि दुसरं म्हणजे पर्मनंट कलरमधे कालवतात तो पेरॉक्साइडचा डेव्हलपर. तो ६ टक्क्यांचा असेल तर दर वेळी तुमच्या मूळच्या काळ्या केसांनाही थोडं थोडं उजळवतो, आणि गडद केस उजळला की आतला लाल-नारिंगी रंग वर येतो. दाढीला माणसं आठवड्या-दोन आठवड्यांनी कलर लावतात, त्याच त्याच केसांवर, त्यामुळे डोक्यापेक्षा दाढीत हे लवकर होतं. म्हणून दाढीला मी अमोनिया नसलेला डेमी-पर्मनंट, म्हणजे काही आठवड्यांत हळूहळू उतरणारा कलर सुचवतो, डेव्हलपर ३ टक्क्यांचा किंवा त्याहून सौम्य. तो पांढऱ्यांना पूर्ण झाकत नाही, थोडे आरपार दिसतात, आणि आपल्याला तेच तर हवंय.

ऊनसावली

लालसर होऊ नये म्हणून अ‍ॅश शेड घ्यायची, एवढं साधं आहे. ४ ऐवजी ४.१ घ्या. पॉइंटनंतर १ म्हणजे अ‍ॅश. अ‍ॅश लाल मारतो. मी कायम अ‍ॅशच घेते आणि सगळ्यांना तेच सांगते.

कंगवा_कात्री

@ऊनसावली बरोबर आहे पण अर्धंच. अ‍ॅशमधे निळसर-हिरवट छटा असते, ती लाल रंगाला मारते हे खरं. पण मारायला लाल असायला तर हवा! तुमचे केस बहुधा गडद असतील आणि तुम्ही ते उजळ करून घेत असाल, तिथे लाल वर येतो, तिथे अ‍ॅश एकदम बरोबर. सांजवारा यांच्या हनुवटीवरचे केस पूर्ण पांढरे आहेत, त्यात लाल नाही पिवळा नाही काहीच नाही. त्यावर नुसता अ‍ॅश चढवला की दाढी राखाडी, कधी शेवाळी झाक असलेली दिसते, दिव्यात कळत नाही आणि बाहेर पडल्यावर कळतं. पांढऱ्यांसाठी पॉइंटनंतर शून्यवाली नॅचरल शेड, म्हणजे ३.०, ४.०. फारच वाटलं तर तीन भाग नॅचरल आणि एक भाग अ‍ॅश. आणि पॉइंटनंतरचे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, पाकिटावर शब्दात काय लिहिलंय ते वाचायचं.

ऊनसावली

अच्छा. हो, माझे काळेच आहेत, पांढरे अगदी थोडे. हे लक्षात नव्हतं आलं.

अबोली_फुलं

मी माझ्या नवऱ्याच्या दाढीला बरीच वर्षं कलर करते त्यामुळे लिहावंसं वाटलं. कंगवा_कात्री यांचं बाकी सगळं पटलं पण एका गोष्टीत माझा अनुभव वेगळा आहे. तुरळक पांढरे असतील तिथे ४ नंबर मस्त मिसळतो. पण धागाकर्त्यांचे दोन पट्टे जवळजवळ पूर्ण पांढरे आहेत ना, तिथे आजूबाजूला काळे केसच नाहीत मिसळायला. तिथे ४ लावलं की पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी दोन तपकिरी पट्टे येतात, आणि वर काळी मिशी असेल तर ते जास्तच उठून दिसतात. आमच्याकडे अगदी हेच व्हायचं.

म्हणून मी हनुवटीला ३ लावते पण माखत नाही. जुना मऊ टूथब्रश घ्यायचा, कलर जरासा घ्यायचा, आधी बाऊलच्या काठावर निपटायचा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने वरून खाली ओढायचा, कंगवा फिरवल्यासारखा. काही केसांना लागतो काहींना नाही. पाच-सहातला एखादा पांढरा तसाच राहतो. ते राहिलेले पांढरेच सगळं काम करतात हो, ते दिसले की कुणाच्या मनातच येत नाही की इथे कलर असेल. बोटांनी चोळून लावायचा नाही, चोळला की कातडीला लागतो आणि मग केसांच्या मधून काळी कातडी दिसते, ते सगळ्यात वाईट.

कंगवा_कात्री

अबोलीताई, पट्ट्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ३ ला माझी हरकत एवढीच की ब्रश नवशिक्याच्या हातात असेल तर ३ मधे चूक झाकली जात नाही, ४ मधे जाते. उजळ झालेलं पुन्हा गडद करता येतं, गडद झालेलं उजळ करायचं म्हणजे दाढी कापणे हाच सरळ मार्ग. पण ब्रशची पद्धत एक नंबर, मी हेच सांगणार होतो.

@सांजवारा, ३ की ४ हा वाद इथे बसून मिटणार नाही, तो तुमचेच केस मिटवतील. पुढच्या वेळी दाढी ट्रिम कराल तेव्हा आधी जरा वाढू द्या आणि पट्ट्यांमधले पांढरे केस कात्रीने कापून कागदावर जमा करा. दोन छोटे झुपके करा, एका टोकाला चिकटपट्टी लावून बांधा. एकाला ३.० एकाला ४.०, पाकिटावरचा पूर्ण वेळ. धुवा, *पूर्ण वाळवा*, ओला केस नेहमी गडद दिसतो. मग दिवसा खिडकीपाशी जाऊन तो झुपका मिशीला आणि कल्ल्याला लावून बघा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात अजिबात ठरवू नका.

मध्यरात्र

शेड वगैरे नंतर, आधी पॅच टेस्ट! मला दाढीच्या कलरने हनुवटी सुजून पाणी सुटलं होतं, तोपर्यंत डोक्याला वर्षानुवर्षं लावत होतो तेव्हा कधी काही झालं नव्हतं. नंतर डॉक्टर म्हणाले पीपीडी नावाचा रंगाचा घटक असतो त्याची अ‍ॅलर्जी, आता आयुष्यभर तो घटक असलेलं काहीच लावायचं नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात अमोनिया नाही असं लिहिलेलं होतं म्हणून मी निर्धास्त होतो.

कंगवा_कात्री

@मध्यरात्र हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अमोनियाचा आणि पीपीडीचा काही संबंध नाही, अमोनिया नसलेल्या गडद कलरमधेही पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद असू शकतो. घटकांच्या यादीत पॅरा-फेनिलिनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी, किंवा टोल्युइन-२,५-डायअमाइन शोधायचं. पीपीडी सोसत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना दुसराही सोसत नाही.

टेस्ट कशी करायची ते त्या पाकिटातल्या कागदावर असतं, तसंच करा. सहसा कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून ४८ तास बघतात. रात्री लावून सकाळी काही झालं नाही म्हणून खूश व्हायचं नाही, ही अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा उशिरा उठते. आणि ज्यांना कधी काळ्या मेंदीच्या टॅटूने पुरळ किंवा फोड आलेत त्यांनी टेस्टच्याही भानगडीत न पडता आधी डॉक्टरांना विचारा, त्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडीच असतं.

तांबडफुटी

मग मेंदी आणि नीळ बरी ना? मी आधी मेंदी मग इंडिगो पावडर लावतो. धागाकर्त्यांनी हेच करावं, केमिकल नाही काही नाही.

अबोली_फुलं

@तांबडफुटी रंग कसा येतो पण? आम्ही केलं होतं तेव्हा नुसत्या मेंदीने पांढरे पट्टे भगवे झाले आणि वर नीळ लावल्यावर पहिल्या दिवशी हिरवट दिसत होते.

तांबडफुटी

पहिला दिवस तसाच असतो, नीळ हवेत गडद होत जाते, दुसऱ्या दिवशी बघायचं. पण खरं सांगू का, मला हवी ती नेमकी शेड दर वेळी येतेच असं नाही. नीळ जास्त झाली की निळसर काळा, कमी झाली की तांबूस. आणि नीळ आधी उतरते, मेंदी उतरतच नाही, त्यामुळे शेवटी लाल उरतं. मला ते चालतं. माझी दाढी लांब आहे, त्यात लाल बरं दिसतं.

कंगवा_कात्री

सांजवारा यांना 'कळू नये' ही अट आहे म्हणून मी मेंदीकडे जाणार नाही. पीपीडी ज्यांना चालतच नाही त्यांच्यासाठी शुद्ध मेंदी-नीळ हा पर्याय आहे, फक्त पावडरमधे दुसरं काही मिसळलेलं नाही याची खात्री हवी. 'काळी मेंदी' नावाने जे मिळतं ते शुद्ध असेलच असं नाही.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. टेस्ट केली, ४८ तास झाले, काही नाही. झुपक्यांचा प्रयोगही केला. ३.० चा झुपका हातात धरला तर ठीक वाटला पण हनुवटीला लावल्यावर जवळजवळ काळाच, मिशीपेक्षाही गडद. ४.० चा खिडकीत सरळ तपकिरी दिसला, अबोलीताई म्हणाल्या तसाच, दोन तपकिरी पट्टे होणार हे कळलं. म्हणजे दोघांचंही बरोबर आणि माझं अडलेलंच. मग आता काय, मधली शेड मिळते का?

कंगवा_कात्री

मिळते, तुम्हीच करायची. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या ३.० आणि ४.० च्या ट्यूब निम्म्या निम्म्या घ्या, झालं मधलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकत्र करू नका. एक सेंटीमीटर दाढीच्या हनुवटीला आणि गालांना फारच थोडा कलर लागतो, दोन्ही ट्यूबमधून एकेक छोट्या शेंगदाण्याएवढा पुरतो, डेव्हलपर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. प्लास्टिकचा किंवा काचेचा बाऊल, धातूचा नको. कालवलेलं उरलं तर टाकून द्या, झाकण लावून ठेवू नका, आत गॅस होऊन डबी फुटू शकते. न कालवलेली ट्यूब बंद करून ठेवता येते.

आदल्या रात्री दाढी साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर नको तेल नको. लावताना कोरडी हवी. गालावरच्या कडेला, ओठांना आणि मानेला व्हॅसलिन. व्हॅसलिन जिथे केसाला लागतं तिथे रंग नीट चढत नाही, म्हणून पट्ट्यांपासून लांब ठेवायचं, पण गालावरची सगळ्यात वरची जी विरळ रेघ आहे तिथल्या केसांना मी मुद्दाम बोटाने अगदी पुसट लावतो. तिथे रंग कमी चढतो आणि तुम्ही जी आखलेली कड म्हणताय ती होत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी हनुवटीचे पट्टे, कारण तिथले पांढरे जाड आणि हट्टी असतात, रंग उशिरा धरतात. मग बऱ्याच वेळाने गालांवरचे तुरळक, तेही ब्रशवर उरलेल्याने. मिशीला काहीच लावू नका, ती काळी आहे आणि तिच्यातली लालसर झाक तुमची स्वतःची आहे, तीच तुमच्या कामाला येणार आहे, हनुवटीचा रंग थोडा उबदार दिसला तरी तो मिशीशी जुळेल. कल्ल्यांनाही लावू नका. कानशिलांवर पांढरे आहेत आणि कानाखाली एकदम काळी दाढी सुरू झाली तर तिथेच चोरी पकडली जाते. वरून पांढरे-काळे येऊ देत, कानाच्या पाळीपासून खाली येता येता हळूहळू गडद होऊ देत.

लावलेली पेस्ट काळी पडत जाईल, घाबरून धुवू नका, पेस्टचा रंग म्हणजे केसाचा रंग नव्हे. बघायचंच असेल तर जबड्याखाली एका जागी ओल्या कापसाने पुसून केस बघा आणि तिथे परत लावा.

अबोली_फुलं

कल्ल्यांचं मला पटलं नाही तेवढं. कानशिलांवर चारातला एकच पांढरा आहे ना, मग कल्ल्यांच्या खालच्या अर्ध्या भागात ब्रश एकदा फिरवला तर बिघडत नाही, उलट वरपासून खालपर्यंत एकसंध दिसतं. अजिबात नाही लावलं तर कानापाशी पांढरी बाजू आणि हनुवटी काळी असं उलटं व्हायला नको. सहसा हनुवटी आधी पांढरी होते हे लोकांना माहीत असतं.

कंगवा_कात्री

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी तरी पहिल्या खेपेला नाहीच लावणार, नंतर वाढवता येईल.

सांजवारा

काल केलं. फोटो टाकत नाही पण लिहून सांगतो. निम्मं-निम्मं, ब्रशने वरून खाली, मिशी आणि कल्ले सोडले. धुतल्यावर ओली असताना छातीत धस्स झालं, फारच गडद वाटली. वाळल्यावर उतरली. आज सकाळी खिडकीत बघितलं तर पट्टे गेलेत पण तिथे थोडे पांढरे विखुरलेले दिसतायत, आणि हनुवटी मिशीपेक्षा किंचित उजळ आहे. डाव्या बाजूला एका जागी ब्रश जास्त दाबला गेला बहुतेक, तिथे एकही पांढरा उरला नाही आणि तेवढा ठिपका सपाट दिसतो. त्याचं काय करता येईल?

कानापाशी अबोलीताई म्हणाल्या तसं थोडं वाटतंय, डाव्या कल्ल्यात जास्त पांढरे आहेत त्या बाजूला. उजवीकडे छान मिसळलंय.

कंगवा_कात्री

त्या ठिपक्याला आजच दोनदा शाम्पू, कोंड्याचा शाम्पू असेल तर तो, तेवढ्याच जागी जरा फेस ठेवून. पहिल्या एक-दोन दिवसांत रंग बऱ्यापैकी ढिला होतो. ब्लीच वगैरेच्या वाटेला अजिबात जाऊ नका, चेहरा आहे. नाहीच गेला तर वाट बघा. दाढी महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा थोडी जास्तच वाढते, म्हणजे आठवड्यात मुळाशी अडीच-तीन मिलिमीटर पांढरं येणार, तो ठिपका आपोआप तुटेल.

डाव्या कल्ल्यापुरतं अबोलीताईंचं ऐका. दोन्ही बाजू सारख्या पांढऱ्या नसतात, मग कलर तरी दोन्हीकडे सारखा कशाला.

रानवाट

मूळ पांढरं दिसायला लागलं की काय करायचं? मी तर तेव्हा परत सगळीकडे लावतो.

कंगवा_कात्री

तिथेच गडद होत जाते हो. आधीच्या रंगावर परत रंग बसला की प्रत्येक वेळी एक थर वाढतो, तीन-चार खेपांनी ४ लावूनही दाढी काळी दिसते. एवढ्या लहान केसांत नुसत्या मुळांना लावणं घरी जमत नाही, म्हणून मधे ट्रिम करून रंगलेली टोकं कमी करायची आणि मग फक्त जिथे पांढरं उठून दिसतंय तिथे लावायचं. आपण पांढरे थोडे ठेवलेच आहेत त्यामुळे नवीन मूळ लगेच डोळ्यात येत नाही, दोन-तीन आठवडे जातात सहज. सगळी काळी करणाऱ्यांना चौथ्या-पाचव्या दिवशीच पांढरी रेघ दिसते.

पायवाट

माझी दाढी अगदी बारीक आहे, दोन-तीन मिलिमीटर, ट्रिमर फिरवतो तेवढीच. मला ही निम्मं-निम्मंवाली पद्धत चालेल का? पांढरे पट्टे सेम आहेत.

अबोली_फुलं

एवढ्या बारीक दाढीत ब्रश कातडीलाच घासतो, केसापेक्षा कातडी जास्त रंगते. निदान पाच-सहा मिलिमीटर वाढवा. आणि तेवढ्या बारीक दाढीत रंग केला तरी दोन वेळा ट्रिमर फिरवला की गेला.

पायवाट

वाढवली की पांढरी जास्त दिसते म्हणून तर बारीक ठेवतो ना. बघतो, सुट्टीत वाढवून बघतो. ते कापलेल्या केसांचे झुपके बारीक केसांचे बांधता येतील का?

सांजवारा

@पायवाट माझे सेंटीमीटरभराचेही चिकटपट्टीतून निसटत होते. मी शेवटी चिकटपट्टीचा तुकडा उलटा ठेवून त्यावर केसांची टोकं आडवी रांगेत चिकटवली आणि वरून दुसरी पट्टी दाबली, मग नीट राहिले. दोन-तीन मिलिमीटरचे मात्र नाही राहणार, आधी वाढवावीच लागेल.

डावा कल्ला आज रात्री करतोय.